हजार पक्ष्यांच्या बॅचमधल्या अकरा गोण्या गेल्या कुठे?

प्रश्न : माझं हजार पक्ष्यांचं उघडं शेड आहे. पिल्लं, खाद्य सगळं स्वतः विकत घेतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात १,००० पिल्लांचे ३८ रुपयांनी पैसे दिले, वर २० मोफत आली. पहिल्या आठवड्यात ३१ मेली, मधल्या काळात १२ आणि शेवटच्या दहा दिवसांत ४१. ३८ व्या दिवशी ९६५ पक्षी होते, सरासरी वजन १ किलो ६८० ग्रॅम, आणि तोवर ५९ गोण्या संपल्या होत्या. व्यापारी १०५ रुपये देत होता, पण मी थांबलो. ४४ व्या दिवशी ११२ ने ९३६ पक्षी गेले, काट्यावर १,९१० किलो भरले. एकूण ७८ गोण्या लागल्या : प्री-स्टार्टर ८, दर २,२५०, स्टार्टर २४, दर २,२००, फिनिशर ४६, दर २,१००. औषधं आणि लस ६,५००. तूस, कोळसा, वीज, चुना मिळून ८,०००. खताचे ४,००० आणि रिकाम्या गोण्यांचे ७८० आले. शेजाऱ्याचा माल त्याच आठवड्यात त्याच दराने गेला, त्याला किलोमागे १२ रुपये सुटले म्हणतो. माझ्या हातात काहीच राहिलं नाही. माझं थांबणं चुकलं का? आणि पुढची बॅच टाकू का?
— एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : सगळे आकडे लिहून पाठवलेत हे बरं झालं. बहुतेक पत्रांत ‘दर पडला, नुकसान झालं’ एवढंच असतं आणि त्यावर बोलायला काही उरत नाही. तुमच्याकडे दर पडलेला नाही, तरी पैसे राहिले नाहीत, म्हणजे खोट शेडमध्येच शोधायची आहे.

आधी हिशोब एकदा पुरा मांडू. पिल्लांचे ३८,०००. खाद्याचे, तिन्ही प्रकार मिळून, १,६७,४००. औषधांचे ६,५०० आणि बाकीचे ८,०००. एकूण खर्च २,१९,९००. विक्री १,९१० किलो गुणिले ११२, म्हणजे २,१३,९२०. त्यात खत आणि गोण्यांचे ४,७८० मिळवले की जमा २,१८,७००. तोटा १,२०० रुपयांचा. त्यात तुमची आणि घरच्यांची सहा-सात आठवड्यांची मजुरी नाही, शेडची घट नाही, उधारीवर खाद्य घेतलं असेल तर त्याचं व्याजही नाही. दुकानदार उधारीची गोणी रोखीपेक्षा महाग लावतो. तुमच्या २,१०० मध्ये ते आलं आहे का, हे एकदा बघा.

आता हाच खर्च विकलेल्या किलोवर वाटा. पक्ष्यामागे किती सुटले, असं विचारण्याची सवय सगळीकडे आहे, पण पैसे पक्ष्यावर मिळत नाहीत, काट्यावर मिळतात. १,९१० ने भागलं की पिल्लू किलोमागे १९ रुपये ९० पैसे, खाद्य ८७ रुपये ६४ पैसे, औषध ३ रुपये ४० पैसे आणि बाकी खर्च ४ रुपये १९ पैसे पडतो. खत-गोण्यांचे अडीच रुपये वजा केले तर तुमचा एक किलो पक्षी ११२ रुपये ६३ पैशांना तयार झाला. विकला ११२ ला. एवढी एकच ओळ दर बॅचला वहीत लिहीत गेलात तर दोन वर्षांत तुमचं शेड तुम्हाला तोंडपाठ होईल.

या ओळीत सगळ्यात मोठा आकडा खाद्याचा आहे, आणि घोळही तिथेच आहे. ७८ गोण्या म्हणजे ३,९०० किलो खाद्य. त्यातून विकलं गेलं १,९१० किलो. भागाकार २.०४, हाच तुमचा एफसीआर. उघड्या शेडमध्ये, गावात मिळणाऱ्या बऱ्या खाद्यावर, दोन किलोच्या पक्ष्याला १.७ ते १.८ यायला हरकत नाही. मधला १.७५ धरला तर १,९१० किलोला ३,३४२ किलो खाद्य पुरतं, म्हणजे ६७ गोण्या. तुमच्या ११ गोण्या जास्त गेल्या. फिनिशरच्या भावाने २३,१०० रुपये. शेजाऱ्याचे १२ रुपये किलो आणि तुमचे शून्य यांतलं अंतर जवळपास एवढंच आहे, तेव्हा तो काही बढाई मारत नसावा.

तुम्ही थांबण्याबद्दल विचारलं आहे, तर ते आधी निकाली काढू. ३८ व्या दिवशी विकलं असतं तर ९६५ पक्षी गुणिले १.६८, म्हणजे १,६२१ किलो, १०५ ने १,७०,२०५ रुपये झाले असते. थांबल्यामुळे २,१३,९२० झाले, म्हणजे ४३,७१५ जास्त आले. त्यासाठी सहा दिवसांत फिनिशरच्या १९ गोण्या, ३९,९०० रुपये गेले. फरक तुमच्या बाजूने ३,८१५ चा, तेव्हा थांबणं चुकलं नाही. पण ते पक्ष्यांनी वाचवलं नाही, बाजाराने वाचवलं. त्या सहा दिवसांत ९५० किलो खाद्य गेलं आणि विकण्याजोगं वजन वाढलं फक्त २८९ किलो. एकेक किलो १३८ रुपयांच्या खाद्यावर तयार केलात आणि ११२ ने विकलात. दर १०५ वरच राहिला असता तर थांबण्यात साडेनऊ हजार गेले असते. बरोबरी साधायलाच ११० चा दर लागत होता.

पुढच्या वेळी हे थांबण्याच्या आधीच मांडता येतं. शेवटच्या दिवसांत पक्षी रोज १६५ ते १७५ ग्रॅम खातो. आज संध्याकाळी आणि परवा संध्याकाळी ५० पक्ष्यांचं वजन करा, म्हणजे रोजची वाढ कळेल. समजा वाढ ६० ग्रॅम आहे. ९५० पक्षी धरले तर रोज सव्वातीन गोण्या, म्हणजे ६,८०० रुपयांच्या आसपास खर्च, आणि वाढलेलं वजन ५७ किलो. १०५ ने त्याचे होतात ५,९८५. रोज आठशे रुपये खिशातून जातात, वर चार-पाच पक्षी मेले तर त्यांचे आठ-नऊशे वेगळे. म्हणजे रोज सतराशेचा खड्डा. तुमचा माल त्या दिवशी सोळाशे किलोचा आहे, त्यामुळे दर रोज रुपयाने वाढणार असेल तरच खड्डा भरतो. व्यापाऱ्याच्या ‘दोन दिवसांत वाढेल’ या शब्दावर नाही, तर या रुपयावर थांबायचं की नाही ते ठरवा.

वजन करताना एक काळजी घ्या. शेडमध्ये हात घालून पक्षी उचलला की चांगला, भरलेला पक्षीच हाताला लागतो, आणि सरासरी शंभर ग्रॅमने फुगते. तीन-चार कोपऱ्यांत जाळी किंवा पत्रा उभा करून दहा-पंधरा पक्षी कोंडा आणि आत आलेले सगळेच्या सगळे मोजा, बारीकसुद्धा.

आता ११ गोण्यांकडे येऊ. ३८ व्या दिवशी तुमचा एफसीआर १.८२ होता आणि वजन १ किलो ६८०. त्या दिवशीही विकलं असतं तर पाच हजारांच्या आसपास तोटाच होता. ३८ दिवसांचा पक्षी उन्हाळ्यातही १ किलो ९०० च्या आसपास हवा. म्हणजे शेवटच्या आठवड्याने बिघडवण्याआधीच बॅच मागे पडली होती. पक्षी जगतो तेवढे दिवस नुसतं अंग धरून राहायलाही खातो. दोन किलो व्हायला ३९ ऐवजी ४४ दिवस लागले, तर ते पाच दिवसांचं खाणं कुठल्याच वजनात दिसत नाही. अकरापैकी निम्म्याच्या वर गोण्या अशा गेल्या असाव्यात.

मागे पडल्याची खूण तुमच्या पत्रातच आहे : पहिल्या आठवड्यात ३१ मेली. १,०२० त ३१ म्हणजे तीन टक्के. एक-दीड टक्क्यापर्यंत चालतं. आणि हो, तुमची एकूण मर ८४ आहे, ६४ नाही. मोफतची २० पिल्लं धरली नाहीत तर मर ६.४ टक्के दिसते, धरली तर ८.२ होते. ती वीसही पिल्लं दाणे खातच होती.

पहिल्या आठवड्यातली मर पैशात फार मोठी नसते. पिल्लाचे ३८ आणि खाल्लेल्या दाण्याचे तीन-चार रुपये, म्हणजे ३१ पिल्लांचे तेराशे. खरं नुकसान वाचलेल्यांत असतं. ज्या कारणाने ३१ मेली, त्याच कारणाने आणखी दीड-दोनशे अर्धमेली होऊन जगली, आणि तीच ४४ व्या दिवशी सव्वा-दीड किलोची निघून तुमची सरासरी खाली ओढतात. विक्रीच्या वेळी पक्षी लहान-मोठे दिसत होते का, ते आठवून बघा. दिसत असतील तर ब्रुडिंगच चुकलं.

मर कोणत्या दिवशी झाली यावरून कारण पुष्कळ कळतं, म्हणून रोजचा आकडा लिहा, आठवड्याचा नको. पहिल्या तीन दिवसांतच बहुतेक मेली, पाय सुकलेले, पातळ झालेले, पिल्लू काडीसारखं हलकं, तर हॅचरी किंवा प्रवासातला उन्हाळा. एप्रिलमध्ये दुपारच्या गाडीने पिल्लं येऊ देऊ नका, पहाटे शेडवर उतरली पाहिजेत. चौथ्या ते सातव्या दिवशी मेली, पोट फुगलेलं, बेंबी ओली-काळी, आणि चिरून पाहिलं तर आत पिवळा बलक न जिरता घाण वास मारतो, तर बेंबीतून संसर्ग झाला आहे. ते हॅचरीला फोटोसह कळवायचं आणि पुढच्या खेपेला पिल्लू बदलायचं. शेपटीखाली विष्ठा चिकटलेली असेल आणि मेलेली पिल्लं एका कोपऱ्यात ढिगाने सापडत असतील, तर रात्री थंडी लागली. एप्रिलमध्ये कसली थंडी, असं म्हणून लोक पडदे उघडे टाकतात. दिवसा ४० अंश असले तरी संगमनेरकडच्या माळावर पहाटे तीन-चारला गारवा येतो, आणि पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश लागतात.

यासाठी महागडं यंत्र नको. पिल्लं सोडल्यावर आठ-दहा तासांनी वीस-पंचवीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची थैली चाचपा. भिजलेल्या कणकेसारखी मऊ भरलेली असेल तर दाणा आणि पाणी दोन्ही मिळालं. नुसती टणक असेल तर दाणा खाल्ला पण पाणी सापडलं नाही. रिकामी असेल तर दोन्ही नाही. दहापैकी आठ थैल्या भरलेल्या हव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी जवळपास सगळ्या. तेव्हाच पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावा, गार लागले तर तूस गार आहे, हवा नाही. म्हणून ब्रुडर पिल्लं येण्याच्या चार-सहा तास आधी पेटवायचा. सातव्या दिवशी पन्नास पिल्लं मोजा. आलेल्या वजनाच्या चौपट तरी व्हायला हवीत, म्हणजे चाळीस ग्रॅमचं पिल्लू १६० च्या पुढे. तेवढं भरलं नाही तर ती बॅच तीन-चार दिवस उशिरा निघणार हे धरून चाला आणि खाद्याचा हिशोब तेव्हाच बदला.

दुसरा वाटा उशिरा मेलेल्यांचा. शेवटच्या दहा दिवसांत मेलेल्या ४१ पक्ष्यांनी प्रत्येकी पावणेतीन किलोच्या आसपास खाद्य खाल्लेलं होतं. पिल्लाचे ३८, खाद्याचे १२०, औषधाचे सहा, असे एकेका पक्ष्यात १६५ रुपये गुंतलेले असताना तो खड्ड्यात गेला. ४१ चे होतात सहा हजार सातशे, आणि गोण्यांत मोजलं तर सव्वादोन गोण्या. मेच्या अखेरीला ही मर बहुतेक उष्णतेचीच असते. दुपारी दोन ते सहाच्या मधे मरतात, मोठे आणि तगडे आधी, चोच उघडी, पंख पसरलेले, आणि थैली दाण्याने भरलेली. त्या थैलीतच कारण आहे, कारण खाल्लेलं पचतानाही अंगात उष्णता होते. सकाळी साडेदहा-अकराला खाद्याची भांडी वर उचलायची, संध्याकाळी पाचनंतर खाली सोडायची, पहाटे चारपासून आणि रात्री उजेड ठेवून खायला द्यायचं. टाकीवर ओलं पोतं किंवा गवताचं छप्पर हवं, कारण पाईपमधून गरम पाणी आलं तर पक्षी पीतच नाही आणि मग बाकी उपाय वाया जातात. मेलेला पक्षी चिरल्यावर काळजावर आणि यकृतावर पांढरा पापुद्रा दिसला, तर मात्र तो उन्हाचा विषय नाही. त्याच दिवशी दोन-तीन ताजे मेलेले पक्षी घेऊन पशुवैद्यकाकडे जा.

तिसरा वाटा सांडण्याचा, आणि हा कोणी कबूल करत नाही. भांडं उचला आणि खालचं मूठभर तूस हातावर घेऊन बघा. त्यात दाणे आणि चुरा दिसला तर रोज पैसे तुसात मिसळताहेत. पक्ष्यामागे रोज तीन ग्रॅम सांडले, तर हजार पक्ष्यांचे चाळीस दिवसांत १२० किलो होतात, जवळपास अडीच गोण्या. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, आणि पक्षी वाढेल तशी दर तीन-चार दिवसांनी दोरी वर घ्यायची. ताटली एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही. सकाळी एकदाच काठोकाठ भरून शेतात निघून जाणं हे या सांडण्याचं मुख्य कारण. उंदरांचा हिशोब यात धरलेला नाही.

पिल्लू महाग मिळालं की लोक हळहळतात, दोन रुपयांसाठी हॅचरी बदलतात. तुमच्या बॅचवर कशाचं किती वजन आहे ते बघा. पिल्लू एक रुपयाने महागलं तर किलोमागे ५२ पैसे वाढतात. गोणी ५० रुपयांनी महागली तर दोन रुपये चार पैसे. विक्रीचा दर एक रुपया हलला तर तुम्हाला १,९१० रुपये. आणि एफसीआर नुसता ०.१ ने सुधारला तर १९१ किलो, म्हणजे पावणेचार गोण्या, आठ हजार रुपये, किलोमागे सव्वाचार. तेव्हा दोन रुपये स्वस्त पण लहानमोठं, कमजोर पिल्लू घेण्यात दोन हजार वाचतात आणि एफसीआर ०.१ ने बिघडला की आठ हजार जातात. खाद्याचंही तसंच. ५० रुपये स्वस्त गोणीत चुरा जास्त आणि पक्षी चार दिवस मागे, असं होत असेल तर ती गोणी महागच. दोन ब्रँड तपासायचे असतील तर वेगवेगळ्या बॅचला नको, एकाच शेडला मधे जाळी लावून दोन्ही बाजूंना द्या. हवामान आणि पिल्लू सारखं राहतं, म्हणून तीच तुलना खरी.

औषधाच्या खर्चावर तुम्ही काही विचारलं नाही, तरी थोडक्यात. ६,५०० म्हणजे पिल्लामागे सव्वासहा रुपये, एकूण खर्चाच्या तीन टक्के. इथे काटछाट करून फार सुटत नाही. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो बाराव्या ते चौदाव्या दिवशी, लासोटाचा दुसरा डोस तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. हे सोडू नका, आणि लस बर्फातून आणा. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात ब्लीचिंग किंवा क्लोरीन असेल तर लस तिथेच मरते, म्हणून आदल्या दिवसापासून साधं पाणी भरा. काटायचं असेल तर दुकानदार रांगेने देतो ती लिव्हर टॉनिकं आणि ‘वाढीची’ पावडर काटा. कोलिस्टिन असलेलं काही कोणी देत असेल तर घेऊ नका, २०१९ पासून त्यावर जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंदी आहे. कुठलंही अँटिबायोटिक दिलंत तर बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय माल उचलू द्यायचा नाही.

विक्रीच्या रात्री दोन गोष्टी बघा. रिकामं क्रेट प्रत्येक वेळी वजा होतंय का, आणि ते कोरडं आहे का. एका क्रेटमागे २०० ग्रॅम जास्त वजा झाले तर ९३६ पक्ष्यांना लागणाऱ्या ८५-९० क्रेटांत १७-१८ किलो जातात, दोन हजार रुपये. दुसरं, गाडीची वेळ. भरण्याच्या चार-पाच तास आधी खाद्य बंद करणं रास्त आहे, पाणी मात्र चालू ठेवा. पण नऊची गाडी दोनला आली तर त्या जादा तासांत पक्ष्यामागे तीस ग्रॅम उतरतात, म्हणजे २८ किलो, तीन हजार रुपये. गाडी निघाल्याचा फोन आल्यावरच भांडी वर घ्यायची, आणि उशीर झाला तर तूट कोणाची हे दर ठरवतानाच बोलून घ्यायचं. नंतर बोलायला गेलात तर व्यापारी दर पाडतो.

आता पुढची बॅच. तेच भाव धरून, मर पाच टक्के, एफसीआर १.७५ आणि दोन किलो वजन असा अंदाज मांडू. १,०२० त ९६९ पक्षी विकले जातील, वजन १,९३८ किलो, खाद्य ६८ गोण्या. खाद्याचे १,४६,४००, पिल्लं ३८,०००, औषध ६,५००, बाकी ८,०००. खत-गोण्यांचे ४,६८० वजा केले की खर्च १,९४,२२०. किलोला १०० रुपये २० पैसे. ११२ दर मिळाला तर २२,८०० रुपये सुटतात, शेजाऱ्याइतकेच. पण ९० झाला तर चांगलं पालन करूनही जवळजवळ वीस हजार जातात. म्हणून १०० हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लू बुक करण्याआधी त्या दिवशीचं पिल्लू आणि गोणी घालून तो पुन्हा काढा.

दर काय राहील हे कोणी सांगू शकत नाही, पण माल कधी निघेल ते तुमच्या हातात आहे. पंचांग घ्या आणि पिल्लं येण्याच्या तारखेपासून ४० दिवस मोजा. ते दिवस आषाढी अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या आधीच्या आठवड्यात पडत असतील तर उचल चांगली असते. श्रावणात पडत असतील तर खप बसतो, पुढे गणपती आणि नवरात्रातही तेच. मे-जूनमध्ये दर चढलेला बघून सगळेच एकदम पिल्लं टाकतात, पिल्लूही तेव्हाच ४५ ला जातं, आणि सगळ्यांचा माल चाळीस दिवसांनी एकाच वेळी बाजारात येतो. महाग पिल्लू आणि श्रावणातली विक्री असा मेळ बसत असेल तर ही बॅच सोडून द्या. तेवढ्यात तूस काढून शेड धुवा, चुना मारा, दोन-तीन आठवडे रिकामं ठेवा आणि पावसाच्या बाजूचे पडदे दुरुस्त करून घ्या.

रिकामं ठेवणं परवडत नसेल तर ५०० पिल्लं टाका आणि ब्रुडिंग नीट जमतंय का ते बघा. सातव्या दिवसाचं वजन, रोजची मर आणि रोज फोडलेल्या गोण्या एवढ्या तीन गोष्टी लिहा. करारावर पाळण्याचा विचार मनात येत असेल तर तोही २.०४ एफसीआर घेऊन करू नका. तिथे पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं असलं तरी किलोमागचं पालनशुल्क उत्पादनखर्चावरच ठरतं, आणि अकरा गोण्या जास्त लागल्या की तेही कमी होऊन हातात येतं. सातव्या दिवशी १६० ग्रॅम भरले तर पुढची हजाराची बॅच टाका. नाही भरले तर त्या आठवड्याच्या नोंदी आम्हाला पाठवा, तारखेनिशी.